हात मागे बांधून

हॉस्पिटलात तिला सगळे एक्सप्रेस म्हणायचे. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची ही मुलगी सकाळच्या ड्युटीला आली, की पेशंटची तोंडं धुणं, अंग पुसणं, कपडे बदलणं, चादरी ताणणं हे सगळं बाकीच्या मुली बादल्या भरेपर्यंत उरकून टाकायची. तिच्या वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर सहसा कुणाचं कौतुक करत नसत, पण त्याही राउंडला आलेल्या डॉक्टरांना तिच्या खाटा दाखवायच्या. आपल्या हाताला वेग आहे, याचा पोरीला भारी अभिमान. तो अभिमान पुढे चांगलाच नडला, पण ते यथावकाश.

शेवटच्या वर्षाला एक संशोधन प्रकल्प करावा लागतो. कॉलेजात त्याची ठरलेली रीत होती. एक प्रश्नावली घ्यायची, अमुक आजाराबद्दल नातेवाइकांना किती माहिती आहे ते विचारायचं, टक्केवारी काढायची, बाइंडिंग करून द्यायचं. ते पुन्हा कुणी उघडत नसे, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नसे. एक्सप्रेसला मात्र ते नको होतं. तिचे बाबा कुलुपं दुरुस्त करायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. थोडी हालचाल परत आली, पण तो हात मांडीवर नुसता ठेवलेला असायचा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. बाबांसारख्या माणसांसाठी नर्सला काय करता येईल, हे तिला शोधायचं होतं. कॉलेजच्या बाईंनी बजावलं होतं, "महिनाअखेरपर्यंत न्यूरॉलॉजीचा गाइड मिळव, नाहीतर मुकाट्याने प्रश्नावली घे."

म्हणून तिने न्यूरॉलॉजीच्या प्राध्यापक मॅडमना पत्र लिहिलं. मॅडमचा दरारा असा, की त्यांच्या खोलीबाहेर थांबलेली मुलं खोकलासुद्धा गिळायची. एक्सप्रेसने पत्रही एक्सप्रेससारखंच लिहिलं. आधी मॅडमच्या कामाची भरघोस स्तुती, मग स्वतःच्या चिकाटीचे गोडवे, आणि शेवटी 'पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनात परिचारिकांची भूमिका या विषयावर आपलं मार्गदर्शन मिळावं, ही नम्र विनंती.' बाबांचा उल्लेख आधी होता, तो तिने खोडला. रडगाणं वाटेल म्हणून.

उत्तर आलं तेव्हा ती मेसमध्ये जेवत होती. घास तोंडातच राहिला.

'पत्र मिळालं. माझी स्तुती पहिल्या दोन परिच्छेदांत आहे आणि तुमचं म्हणणं शेवटच्या ओळीत. पुढच्या वेळी स्तुती गाळा. तुम्ही पाठवलाय तो विषय आहे, प्रश्न नाही. प्रश्न वॉर्डात सापडतो. मंगळवारी सकाळी माझ्या वॉर्डात या. एका पेशंटशी मी बोलून ठेवते, त्यांची हरकत नसेल तर त्यांच्याजवळ तासभर बसा. नुसतं बघा. कशालाही हात लावायचा नाही. मग बोलू.'

"नुसतं बसायचं?" हॉस्टेलच्या खोलीतली मैत्रीण म्हणाली. "अगं, ही तर सुट्टीच झाली."

एक्सप्रेसलाही तसंच वाटलं.

मंगळवारी तिला खिडकीजवळच्या खाटेपाशी स्टूल मिळालं. पेशंट म्हणजे एक बसड्रायव्हर काका, डाव्या अंगावरून वारं गेलेले, पण जिभेला काही झालेलं नव्हतं. "बघायला आलीस ना?" ते म्हणाले. "बघ. तिकीट नाही."

काका खाटेच्या कडेला पाय टेकवून नीट बसले होते, ते पडायला नकोत म्हणून शेजारी वॉर्डातली सिस्टर उभी होती. तेवढ्यात पलीकडच्या पेशंटने हाक मारली. सिस्टर म्हणाली, "आलेच हं, हलू नका," आणि हातभर अंतरावर वळली. काकांनी मांडीवरचा शर्ट उचलला. डावा हात बाहीत घालायला त्यांनी उजव्या हाताने बाही पसरली. बाही निसटली. पुन्हा पसरली. हाताची बोटं बाहीच्या तोंडाशी आली आणि अडकली. काकांचा खालचा ओठ दातांखाली गेला. बाही पुन्हा निसटली.

आणि एक्सप्रेस उठली. कधी उठली हे तिचं तिलाही कळलं नाही. डावा हात बाहीत, उजवा हात बाहीत, खांदे सारखे, बटणं फटाफट, कॉलर नीट. चुटकीसरशी काम फत्ते.

"थँक्यू, बाळ," काका म्हणाले. आवाजात मघाची गंमत नव्हती. त्यांनी डावा हात उचलून मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मागून मॅडमचा आवाज आला, "तास झाला का?"

 मॅडम दारात केव्हापासून उभ्या होत्या देव जाणे. तिने मान खाली घातली. संपलं, आता प्रश्नावली, आता टक्केवारी.

"सॉरी मॅडम. राहवलं नाही."

"का राहवलं नाही?"

"त्यांना जमत नव्हतं."

"अगं, जमत आलं होतं," काका खिडकीकडे बघतच म्हणाले. "बोटं आत गेली होती माझी."

एक्सप्रेसने त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांसमोर घर आलं. दर सुट्टीला घरी गेली की ती हौसेने बाबांना शर्ट घालायची, आई एरवी घालायची. दोघींनी मिळून दोन वर्षं बाबांच्या हाताला एकही काम उरू दिलं नव्हतं. प्रेमाने. झटपट. तिला इतकी लाज वाटली, की डोळे भरून आले.

मॅडमनी तिला खोलीत नेलं. तिने बाबांबद्दल सगळं सांगितलं, खोडलेलं होतं तेसुद्धा.

"हे पत्रात हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "आता प्रश्न सांग."

"आम्ही नर्सेस पेशंटचं सगळं पटापट करून टाकतो. त्याऐवजी जवळ उभं राहून थांबलो, फक्त तोंडाने सांगितलं, अगदी अडलं तेवढ्यापुरताच हात दिला, तर तो स्वतः कपडे घालायला लवकर शिकेल का?"

"आता प्रश्न झाला. पण याचं उत्तर तुला या वर्षी मिळणार नाही." एक्सप्रेसचा चेहरा पडलेला पाहून मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बरेच पेशंट आपसूकच सुधारतात. सुधारणा तुझ्यामुळे झाली हे कशावरून? त्याला तुलना लागते, पुष्कळ पेशंट लागतात. तू आधीची पायरी चढ. गजबजलेल्या वॉर्डात असं थांबणं नर्सेसना जमतं का, किती वेळ जातो, कुणी पडत नाही ना, एवढंच बघ. आणि पेशंटला कपडे घालणं किती जमलं, याचे मार्क तू द्यायचे नाहीस."

"का?"

"तुला ते बरे व्हायला हवेत म्हणून. आपण मायेने मार्क वाढवतो. ज्याला यातलं काही ठाऊक नाही अशा थेरपिस्टला देऊ दे. आणि नीतिसमितीची परवानगी हातात येईपर्यंत एकाही पेशंटची नोंद करायची नाही. कळलं?"

"म्हणजे तुम्ही गाइड होणार?"

"मी इतका वेळ काय भजन करतेय?"

नीतिसमितीपुढे जायचा दिवस उजाडला. लांबलचक टेबल, पलीकडे डॉक्टर, एक वकीलबाई, बाहेरचे एक निवृत्त शिक्षक. मॅडम बाजूच्या खुर्चीत बसल्या; बोलायचं तिलाच होतं. सर्जनसाहेबांनी कागद उलटून पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मदत न करण्यावर संशोधन? आजारी माणूस धडपडतोय आणि नर्स हात बांधून उभी. याला आम्ही सेवा म्हणायचं?"

 तिचं पाठ केलेलं सगळं भुर्रकन उडून गेलं. समोर सर्जनसाहेबांचा पांढरा कोट खुर्चीच्या पाठीवर लटकत होता.

"सर, एक विनंती करू? डावा हात खिशात ठेवून तो कोट घालाल? तो हात आपला नाहीच असं समजून."

 वकीलबाई खुदकन हसल्या. सर्जनसाहेब मूळचे खिलाडू, उठले. डाव्या खांद्यावर कोट टाकायला गेले, तो घसरला. कॉलर दातात धरली. उजवा हात बाहीत गेला, तर कोट पाठीमागे पिळला गेला. ते स्वतःभोवती फिरू लागले. निवृत्त शिक्षक अर्धवट उठले, वकीलबाईंचा हात पुढे झाला. आणि कहर म्हणजे, मॅडमनी चक्क कोटाचं टोक पकडलं.

"मॅडम," एक्सप्रेस हळूच म्हणाली.

मॅडमनी चटका बसल्यासारखं टोक सोडलं. सर्जनसाहेबांनी आणखी एकदा खांदा उडवला आणि कोट अंगावर आला. वाकडा, पण आला. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला.

"आत्ता तुम्हाला जे वाटलं ना सर," ती म्हणाली, "ते आम्ही रोज सकाळी पेशंटकडून काढून घेतो. मी सगळ्यात जास्त काढून घेतलंय, कारण माझा हात सगळ्यात जलद आहे. आम्ही त्यांना वाऱ्यावर सोडणार नाही. पेशंट नीट टेकून बसलेला असेल, नर्स हाताच्या अंतरावर असेल, त्याने पुरे म्हटलं की त्या क्षणी मदत. फक्त आधी थांबायचं."

समितीने दोन दुरुस्त्या सांगितल्या. थकव्याची खूण दिसली की थांबवायचं, आणि संमतीपत्र साध्या भाषेत लिहायचं. दुरुस्त्या करून दिल्यावर परवानगी हातात आली. मॅडमनी कागद वाचला, घडी केली, तिला दिला. "सर्जनला नाचवलंस," त्या म्हणाल्या. "मला आवडलं."

त्या रविवारी ती घरी गेली. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते, आई इस्त्रीचा शर्ट घेऊन आली. एक्सप्रेसने तो तिच्या हातून घेतला आणि बाबांच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, हा प्रकल्प नाही. ही माझी चूक आहे, ती निस्तरतेय. आधी डावा हात. मी इथेच आहे."

"अगं, त्यांना त्रास होतो," आई चिडली. "काय मेलं शिकवतात तुम्हाला तिथे."

"राहू दे," बाबा म्हणाले. "बघू तरी."

बाही निसटली. पुन्हा निसटली. एक्सप्रेसने हात मागे बांधले आणि एका हाताचं मनगट दुसऱ्याने घट्ट आवळलं, कारण बोटं ऐकत नव्हती. शेजारी आईनेही नकळत तसंच केलं होतं. बाबांच्या कपाळावर घाम आला, पण कुलपापाशी बसल्यावर पडायची तशी त्यांच्या कपाळावर आठी पडली होती. ती आठी दोन वर्षांत कुणी पाहिली नव्हती. डावा हात बाहीतून बाहेर आला. मग उजवा. मग बटणं, एकेक, आणि शेवटच्या दोन बटणांना डाव्या हाताने शर्टाची कड दाबून धरली, थरथरत का होईना, पण धरली.

बटणं एक घर चुकली होती. शर्ट एका बाजूला वर, एका बाजूला खाली. मायलेकींनी ते पाहिलं आणि दोघी गप्प बसल्या.

बाबा उठले, काठी घेतली, दाराशी गेले. "कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. लोकांना दिसू दे."

"लोक हसले तर सांगा," आई डोळे पुसत म्हणाली, "मी लावलेली नाहीत म्हणून."

"सांगणारच आहे," बाबा म्हणाले. "प्रत्येकाला."