जाहीर केलेलं वैर

टाचणीला सूड हवा होता. चारचौघांत बोलून दाखवण्याजोगी गोष्ट नव्हे, पण इथे लपवून काय करायचं? कंपनीच्या हिशेब खात्यात बिलं तपासताना शंका आली की ती बिलाला चिठ्ठी टाचून परत पाठवायची, म्हणून वित्तप्रमुख साहेबांनी तिला हे नाव ठेवलं होतं. तिथवर ठीक होतं. पण एका दुरुस्ती कंत्राटदाराचं एकच बिल दोनदा चुकतं झालं, आणि साहेबांनी त्याचं खापर तिच्या डोक्यावर फोडलं. दुसऱ्यांदा पैसे सोडायला फोनवर सांगितलं होतं त्यांनीच. तिला लेखी ताकीद मिळाली, बढती हुकली, वर साहेब भर खात्यात म्हणाले, "टाचणी टोचते फार, पण धरून काही ठेवत नाही." सगळे खो खो हसले. तिच्याबरोबर डबा खाणारेही हसले, ते तिला जास्त लागलं.

नोकरी सोडण्याऐवजी ती अभ्यासाला बसली. साहेबांची फाइल हक्काने उघडायची तर अंतर्गत ऑडिटमध्ये जायला हवं, आणि तिथे जायचं तर नुसतं हिशेबाचं ज्ञान पुरेसं नव्हतं. अफरातफर तपासनिसाचं प्रमाणपत्र आधी हाती आलं, कारण त्याला हिशेबाच्या कामाचा अनुभवही चालतो. ती परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर द्यायची होती. खोलीत दुसरं माणूस दिसलं की परीक्षा रद्द होईल या धास्तीने नवरा दाराबाहेर खुर्ची टाकून बसला आणि स्वतःच्या आईलाही त्याने आत फिरकू दिलं नाही. "माझ्याच घरात मला मज्जाव?" म्हणून सासूबाई दोन दिवस गाल फुगवून होत्या. अंतर्गत लेखापरीक्षकाच्या परीक्षेचे तिन्ही भाग ती मागोमाग पास झाली, पण तिथे ऑडिटच्या कामाचा अनुभव लागतो. तो पुरा होईपर्यंत ती पदवी नावापुढे लावायची सोय नव्हती. तेवढ्यावरही ऑडिट खात्याने तिला घेतलं.

तिथे आठ महिने झाले आणि नव्या कामांच्या वाटणीत खरेदी व देयकांचं ऑडिट निघालं. म्हणजे साहेबांचंच राज्य. ऑडिटप्रमुख बाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"वित्तप्रमुखांचा फोन होता. म्हणतात, टीमवर तुम्हीच हव्यात. तुम्हाला तिथली खडान्‌खडा माहिती आहे. आपल्या मनात काही राग नाही, असंही म्हणाले. तुमचं काय?"

"उद्या सांगते," ती म्हणाली. पाय जमिनीवर ठरत नव्हते. साप स्वतः होऊन पायाखाली येतोय, आणखी काय हवं?

घरी भाजी निवडता निवडता तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. ऑडिटशी त्याचा संबंध एवढाच, की वर्षभर पुस्तक हातात धरून त्याने तिला प्रश्न विचारले होते. उत्तरं ऐकून ऐकून तिच्याइतकीच त्यालाही पाठ झाली होती.

"ते खातं सोडून तुला वर्ष झालंय का गं?" त्याने विचारलं.

"आठ महिने."

"मग? ज्या कामाची जबाबदारी वर्षाच्या आत आपल्याकडे होती, त्याचं ऑडिट आपण केलं तर निःपक्षपणाला बाधा आली असंच धरतात. हा प्रश्न तू दोनदा चुकली होतीस, मी ओरडलो होतो."

"मला शिकवू नकोस."

"मी कुठे शिकवतोय? तूच शिकवलंस."

ती तडकली. एवढ्यासाठी का रक्त आटवलं? रोज पहाटे उठले, सुट्ट्या जाळल्या, आणि आता तो माणूस दुसऱ्याने धरायचा? कंत्राटदार एकच असून नावं दोन आहेत, साहेबांच्या सहीच्या मर्यादेत बसावं म्हणून मोठ्या कामाचे तुकडे पाडतात, हे तिला तिथे असतानाच दिसलं होतं. तिने जुडी ओट्यावर आदळली. नवरा विखुरलेली पानं गोळा करू लागला, आणि तेवढ्यात तिचं डोकं चालू लागलं.

साहेबांनी फोन का केला असेल? ज्या बाईचं आपण सगळ्यांदेखत हसं केलं, तीच तपासाला पाठवा म्हणून कोण आग्रह धरतं? उद्या अहवाल संचालकांच्या ऑडिट समितीपुढे गेला की साहेब अंगावरची धूळ झटकल्यासारखं म्हणतील, या बाई परवापर्यंत त्याच टेबलावर होत्या, त्यांना ताकीद मी दिली, त्या डूख धरून आहेत. अहवाल कितीही खरा असला तरी कचऱ्यात जाईल, आणि वर तिचं प्रमाणपत्र आणि येऊ घातलेली पदवीही धोक्यात येईल. मेल्याने सापळा लावला होता आणि ती हौसेने त्यात पाय ठेवायला निघाली होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मग तिला हसू फुटलं, तेही चांगलं खुनशी.

दुसऱ्या दिवशी तिने बाईंच्या टेबलावर निवेदन ठेवलं. नियमाप्रमाणे लिहावं तसं त्यात सगळं होतं: आठ महिन्यांपूर्वीपर्यंत ते काम माझ्याकडे होतं; ताकीद मला या गृहस्थांनी दिली; माझा त्यांच्यावर राग आहे, त्यांचं नुकसान झालं तर मला आनंद होईल.

बाईंनी चष्मा वर केला. "शेवटचं वाक्य हवंय का?"

"हवंय. खरं आहे."

"इतकं खरं आजवर मला कुणी लिहून दिलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी काम दुसऱ्या शहरातल्या शाखेतल्या दाढीवाल्या ऑडिटरकडे सोपवलं. त्याने इथलं हिशेब खातं कधी पाहिलंही नव्हतं.

पण कामावर नसलं तरी साक्षीला बसायला कोणाची आडकाठी नव्हती. तिथे पूर्वी काम केलेल्या सगळ्यांना दाढीवाल्याने एकेक करून बोलावलं, तसं तिलाही. साहेबांना त्याने शेवटी ठेवलं होतं; संशय असलेल्या माणसाशी सगळ्यांच्या नंतर बोलायचं, ही तपासनिसांची रीतच. तिने पाहिलं तेवढंच सांगितलं. चोर हा शब्द जिभेच्या टोकावर आला होता, तो तिने गिळला. दोषी कोण हे ठरवणं तपासणाऱ्याचंही काम नाही. तिचं तर नव्हतंच. दाढीवाल्याने दोन्ही कंत्राटदारांची बँक खाती पडताळली, ती एकच निघाली. दुसरं नाव यादीत चढवायची मंजुरी साहेबांच्या लॉगिनवरून गेली होती. दोनदा चुकत्या झालेल्या बिलाचे दुसऱ्यांदा पैसे सोडायची मंजुरीही तिथूनच.

समितीपुढे साहेबांनी वैराचा मुद्दा काढला म्हणे. बाईंनी टाचणीचं निवेदन साहेबांना न दाखवता सभासदांपुढे ठेवलं आणि साहेबांना विचारलं, "या बाई अहवालात कुठे आहेत, दाखवा." अहवालातला प्रत्येक निष्कर्ष बँकेच्या आणि लॉगिनच्या नोंदींवर उभा होता.

राजीनामा देऊन साहेब खोका घेऊन निघाले तेव्हा ती लिफ्टजवळ उभी होती. योगायोगाने नव्हे, मुद्दाम. चौकशी पोलिसांकडे द्यायची की नाही हे अजून ठरायचं होतं, आणि साहेबांचा चेहरा उतरला होता.

"तू टीमवर गेली नाहीस," ते म्हणाले. "सगळ्यांनी लचके तोडले, तू तेवढी बाजूला राहिलीस. तुझ्याशी मी वाईट वागलो, तरी. हे मी विसरणार नाही."

क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे, म्हाताऱ्याला तेवढं समाधान राहू दे. मग ते खो खो हसणं आठवलं आणि तिने ते समाधानही काढून घेतलं.

"साहेब, मी टीमवर असते तर तुम्ही आज सुटला असतात. ते तुम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच तुम्ही मला मागितलंत. मी बाजूला झाले ती तुम्ही सुटू नये म्हणून."

लिफ्ट आली. साहेब आत शिरले, पण बटण दाबायचं त्यांना सुचेना. तिनेच हात आत घालून तळमजल्याचं बटण दाबलं.