लेजेंडखालचे दोन ठिपके

संध्याकाळी सहाला जर्नलचं पोर्टल बंद होणार होतं आणि मधुरिमा शितोळेचा जीव दुपारपासूनच टांगणीला लागला होता. इंदूरच्या त्या केमिस्ट्री लॅबमध्ये सोयाबीनच्या सालीपासून कोळसा करून त्यानं पाण्यातला कापडाचा रंग शोषून घेण्यात तिची पाच वर्षं गेली होती. मुदतवाढी घेऊन झाल्या होत्या. आज सुधारलेला पेपर गेला तर थीसिस या महिन्यात जमा, नाहीतर नोंदणी रद्द.

आणि अडलं होतं कशावर, तर अक्षरांवर! संपादकांचं शेवटचं म्हणणं एवढंच होतं, की आलेखातली अक्षरं मजकुराशी जुळत नाहीत. पेपर लाटेक या मजकूर मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाइम्स फॉन्टमध्ये. आलेखात मात्र तो काढणाऱ्या पायथन प्रोग्रॅमचा ठोकळेबाज फॉन्ट.

शेजारच्या टेबलावरचा प्रणव खुर्ची ओढून आला. लॅबमधल्या सगळ्यांचे आलेख शेवटी त्याच्याच हातून जात.

"तू चित्र केवढं काढते?"

"आठ इंच. मग लाटेक त्याला कॉलममध्ये बसवतो. अक्षरं बारीक होतात, म्हणून फॉन्ट तीसचा ठेवते."

"अरे यार, इसी में तो गडबड आहे. पहले मोठं काढते, मग दाबते. कॉलमची रुंदी लाटेकलाच विचार न."

कॉलम दोनशे सेहेचाळीस पॉइंटचा निघाला. प्रणवनं त्याला एका इंचातल्या पॉइंटांनी, म्हणजे बहात्तर पूर्णांक सत्तावीस शतांशानं भागलं, तीन पूर्णांक चार इंच. चित्र तेवढंच काढायचं, म्हणजे दाबायला नको आणि नऊचं अक्षर नऊचंच छापलं जाईल. मग त्यानं आलेखातला मजकूर लाटेककडूनच लिहून घ्यायची सोय केली आणि पेपरमधलंच टाइम्सचं पॅकेज तिथेही लावलं. आकडे, अक्षाखालची चिन्हं, सगळं एका हातचं दिसू लागलं.

"एकदम चकाचक," म्हणून प्रणव चहाला गेला.

मधुरिमानं सुटकेचा श्वास सोडला आणि तो अर्ध्यातच अडकला. उजवीकडे वर, जिथे लेजेंडची, म्हणजे कोणती खूण कशाची ते सांगणारी भलीमोठी पांढरी चौकट असायची, तिथे ती आता फॉन्ट लहान झाल्यानं अंग चोरून कोपऱ्यात बसली होती. तिच्या खालून दोन ठिपके बाहेर आले होते. कोळशानं किती रंग शोषला ते दाखवणारा कर्व्ह आडवा होऊन शांतपणे पुढे गेला होता, आणि ते दोघे त्याच्या कितीतरी वर.

जास्त रंगाच्या पाण्यावरचे प्रयोग रिव्ह्यूअरनं मागितले म्हणून दिवाळीआधी तिनं केले होते, आकडे फाइलमध्ये भरले होते. पण ठिपक्यांवर कर्व्ह बसवणारी प्रोग्रॅममधली ओळ जुनीच राहिली होती. ती पहिले आठच ठिपके घेत होती. नवे दोघे चित्रात आले ते थेट चौकटीखाली. पेपरचा सगळा दावा हाच, की कोळशावर रंगाचा एकच थर बसतो आणि मग शोषण थांबतं. ठिपके म्हणत होते, थांबत नाही.

लेजेंडचा फॉन्ट पूर्वी दाबून दिसायचा तेवढा, तेराचा केला की झाकलं जाईल, असा विचार तिच्या मनात आला. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. तिला स्वतःची भीती वाटली.

ती लॅपटॉप घेऊन गाइडच्या, शंतनु सरांच्या खोलीत गेली. सरांनी तो कोपरा मोठा करून पाहिला.

"मी हे चित्र चार वेळा पाहिलं," ते म्हणाले. मग घड्याळाकडे पाहिलं. "लेजेंड जिथे होती तिथे... संपादकांनी फक्त फॉन्ट सांगितलाय."

"सर, मला माहीत आहे खाली काय आहे."

"रजिस्ट्रेशन जाईल तुझं, मधुरिमा."

"हो सर."

सरांनी चष्मा काढला. "पेपरवर पहिलं नाव तुझं आहे. तू ठरव. मी अडवणार नाही, आणि ढकलणारही नाही."

तिला त्यांचा राग आला. त्यांनी एकदा तरी ठामपणे काही सांगावं, असं फार वाटलं. पण ती तिथेच बसली आणि संपादकांना लिहिलं: कर्व्ह बसवण्यात आमची चूक झाली आहे, निष्कर्ष बदलेल, पेपर मागे घेत आहोत. सरांनी वाचलं, एक शब्द बदलला आणि मान हलवली. तिनं पाठवून दिलं.

बाहेर व्हरांड्यात येते तोच आईचा फोन. ती सराफ्यात, मिठाईच्या दुकानासमोर होती.

"गेला का गं पेपर? मिठाई घेऊन घेते न मग?"

"नाही आई, मीच परत घेतला."

"का गं? तो आखिरी चान्स होता न?"

"चूक होती त्यात," मधुरिमा म्हणाली. "माझीच होती." आईनं फोन ठेवला नाही. आणि भिंतीला टेकून, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता, मधुरिमा रडत राहिली.