बनावरची चमक

साहेब, आयुषच्या ओठांवर जी सूज आली ती तुमच्या कागदानं आणली. माझ्या ब्रशनंही आणली, ते पुढं लिहिते, लपवणार नाही. पण आधी तुमचं.

तुम्ही कोण, मला माहीत नाही. कागदाखाली सहीचा शिक्का होता, नाव नव्हतं. चाकणच्या त्या कंपनीत पाळणाघराला खाऊ कोण पुरवणार हे तुम्ही ठरवता, एवढंच कळतं. तुमच्या फॉर्मवर अंड्याबद्दल एकच प्रश्न होता: ‘पिठात अंडे आहे का? होय / नाही.’ बिनअंड्याचा माल सुरू करताना मी ‘नाही’वर खूण केली. ती खूण खरी होती, आणि तिच्यामुळंच तीन वर्षांचं पोर मरता मरता राहिलं.

माझी दिघीला छोटी बेकरी आहे. एक ओव्हन, एक मिक्सर, ओव्हनवर उद्धवराव, बाकी मी. उद्धवराव बीडकडचे. बावीस वर्षं बन भाजतायत, बोलतात कमी. दिव्या माझ्याच गल्लीत राहते. तुमच्या कंपनीत लाइनवर गाडीच्या वायरींचे हार्नेस जोडते आणि आयुषला तुमच्या पाळणाघरात ठेवते. जूनमध्ये ती दुकानात आली आणि काउंटरला टेकून उभी राहिली.

“ताई, ह्याला अंडं चालत नाही. मागं केक खाल्ला तर अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला. म्हणून मी पोळीचा रोल देते. बाकीची पोरं बन खातात आणि हा बघत बसतो.”

“मग?”

“मग काही नाही. तुम्हीच तिकडं माल देता ना, म्हणून आले.”

म्हटलं, थांब, बघते. पाळणाघराचं सगळंच बिनअंड्याचं करू, म्हणजे कुणाला वेगळं ताट नको. दिव्यानं हसून मान हलवली. विश्वास ठेवला नाही, हे मला दिसलं.

साहेब, तुम्हाला वाटतं अंडं म्हणजे अंडं. काढलं की संपलं. मलाही तसंच वाटायचं. मी बेकिंग शिकले ती फोनवर बघून आणि हात भाजून. पहिल्या रविवारी अंडं नुसतंच वगळलं. स्पंज केक उतरवला तर भाकरीसारखा बसलेला. उद्धवरावांनी बोटानं दाबून पाहिला आणि म्हणाले, “ह्यात हवाच न्हाई. अंडं अन् साखर घोटून फेस करतो आपण, त्या फेसात हवा धरली जाती. ओव्हनमधी ती हवा फुगती, केक वर जातो. आता वर काय जाणार, कप्पाळ?”

मग दही आणि सोडा घातला. दह्याचा आंबटपणा अन् सोडा एकत्र आले की गॅस होतो, केक उचलला. अंड्याइतका हलका नाही झाला, पण पोरांना पुरतो.

ओट्सची बिस्किटं हातात घेतली की भुगा. तिथं अंडं चिकटवायचं काम करतं, ते तापल्यावर गोठतं आणि सगळं एकत्र बांधून धरतं. त्याजागी जवस दळून पाण्यात भिजवला. तो बुळबुळीत झाला, बिस्किटं धरली. बनात पिवळ्या बलकाची चरबी असते. त्यानं बन मऊ राहतो, आतून पिवळसर दिसतो, तोंडात भरल्यासारखा लागतो. तिथं लोणी अन् दूध पावडर वाढवली. चार रविवार गेले. दिव्या एकदा संध्याकाळी आली, बनाचा तुकडा तोंडात टाकून म्हणाली, “ताई, हा चांगलाय की ओ.” त्यावेळी मला माझाच गर्व झाला होता.

बनावर मी स्वतः दुधाचा ब्रश फिरवत होते. तांबूस रंग आला, पण वर चकाकी आली नाही. मी त्याकडं लक्षच दिलं नाही. चमक हा काय चवीचा भाग आहे?

पहिले पाच दिवस आयुषनं तुमच्या पाळणाघरात सगळ्यांच्या सोबत बन खाल्ला. तिथल्या गोजाबाई, पोरांना सांभाळणाऱ्या, दिव्याला म्हणाल्या होत्या, “लई खूष हाय तुझं पोरगं. दोन मागतंय.”

मग मंगळवारी तुमच्या ऑफिसातून मेसेज आला. मी अजून पुसलेला नाही: ‘बन फिके दिसतात. नमुन्याप्रमाणे चमक ठेवावी, अन्यथा माल परत.’ खाली फोटो. जुन्या बनाचा, आम्ही वर अंड्याचा ब्रश फिरवायचो तेव्हाचा.

आता माझी चूक. मी घाईत होते, पिंपळे गुरवला केक द्यायचा होता. तो मेसेज मी उद्धवरावांच्या फोनवर पुढं ढकलला. वर एक ओळ लिहिली: ‘यांना चमक पाहिजे, बघा.’ त्यांना कधी सांगितलं होतं का, की अंडं का काढलंय? नाही. ‘पाळणाघराच्या पिठात अंडं घालायचं नाही’ एवढंच. आयुषचं नाव कधी घेतलं नाही. घरातली गोष्ट बाहेर कशाला, असं वाटलं.

गुरुवारी टेम्पो आठला गेला. साडेनऊला ओव्हनजवळ गेले. कट्ट्यावर एक बन उरला होता. दाराच्या उजेडात तो आरशासारखा चकाकत होता. शेजारच्या वाटीत ब्रश होता, केसांना पिवळं वाळलेलं.

“उद्धवराव, हे काय लावलंय?”

“अंडं. चमचाभर दूध, चिमूटभर मीठ. ओव्हनमधी घालायच्या आधी.”

“अंडं? मी नको म्हटलं होतं ना!”

“पिठात नको म्हणलाव, ताई. पिठात न्हाईच की. वरून लावू नका असं कुठं म्हणलाव? तुम्हीच चमक मागितली. चमक दुधानं येत न्हाई, ती अंड्यानंच येती.”

त्यांचं खरं होतं, माझं खरं होतं, तुमच्या फॉर्मचंही खरं होतं.

खाऊ साडेदहाला. टेम्पोवाल्याला फोन केला, तो माल उतरवून भोसरीत पोचला होता. दिव्याचा फोन बंद. लाइनवर फोन नेऊ देत नाहीत तुम्ही, लॉकरमध्ये असतो. तुमच्या ऑफिसचा नंबर लावला. दहा मिनिटं गाणं वाजलं आणि मग एक बाई म्हणाली, “मॅडम, ही तक्रार मेलवर पाठवा.”

“तक्रार नाही, पोर मरेल!”

“हो, पण मेल करा.”

गाडी काढली. मोशीला कंटेनर आडवा, हायवेवर दोन्ही बाजूनं ट्रक. मी मधून घुसत होते आणि डोक्यात एकच येत होतं: आयुष आधी काय खातो? पोरं बनाचा वरचा चमकदार भागच आधी कुरतडतात. मी स्वतः शंभर वेळा पाहिलंय. मऊ गर शेवटी. म्हणजे जे नको तेच आधी.

गेटवर दहा पस्तीस. वॉचमन म्हणाला, “व्हिजिटर का मटेरियल?”

“पाळणाघरात फोन लावा. आयुषला बन देऊ नका म्हणा. अंडं आहे त्यावर.”

“पास दाखवा आधी.”

“अहो भाऊ, त्याला अंडं चालत नाही! तुमचं पोर असतं तर?”

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि फोन उचलला. पण पाळणाघराचा फोन वाजत राहिला. कुणी उचलेना. मग गेटच्या आतून गोजाबाई येताना दिसल्या. पळत. पदर खांद्यावरून सुटलेला, कडेवर आयुष. गेटशेजारीच औषधपाण्याची खोली आहे, तिकडं निघाल्या होत्या.

“पोराचं तोंड बघा वो!” त्या कुणालाच उद्देशून ओरडत होत्या. “सुजतंय वो!”

आयुषचे ओठ दुप्पट झाले होते. गालांवर लाल गांधी. श्वास शिट्टीसारखा येत होता आणि डोळे मोठे करून तो माझ्याकडं बघत होता, ओळखीच्या माणसाकडं बघावं तसा. मी बनवाली काकू.

मीही त्यांच्यामागं आत शिरले. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, “काय खाल्लंय?”

“बन. वर अंडं लावलेलं.”

“भाजलेलं आहे ना, मग फार—”

“ह्याला भाजलेल्या केकातलंही बाधलंय,” मी म्हटलं. “तेव्हा श्वास लागला होता.”

डॉक्टरनं लगेच मांडीत इंजेक्शन दिलं, तोंडावर मास्क लावला. काही पोरांना भाजलेलं चालतं, ह्याला नाही, हे त्यानं मग रुग्णवाहिकेत शिरताना सांगितलं. दिव्याला लाइनवरून बोलावेपर्यंत वीस मिनिटं गेली. ती हातमोजे घालूनच आली.

मी म्हटलं, “दिव्या, चूक माझी—”

“आता नको, ताई.” तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

आयुष दोन दिवस दवाखान्यात राहिला. तो जगला. हे मी रोज स्वतःला सांगते.

त्यानंतर तुमचा कागद आला. साहेब, तो माझ्यासमोर आहे. मोजून तीन वाक्यं. ‘पुरवठादाराने चुकीची माहिती दिल्यामुळे पुरवठा रद्द.’ ‘सदर बालकास विशेष आहाराची गरज असल्याने पाळणाघरात ठेवता येणार नाही.’ आणि ‘यापुढे सर्व पुरवठादारांनी खालील फॉर्म भरावा.’

फॉर्म जोडलेला आहे. मी वाचला. प्रश्न तोच जुना: ‘पिठात अंडे आहे का? होय / नाही.’ त्याखाली, ‘उत्पादनाचे दर्शनी स्वरूप: चमकदार असावे.’

आयुषच्या नावावर काट मारलीत. दिव्याकडं त्याला सांभाळायला दुसरं कुणी नाही. ती सोमवारपासून कामावर गेलेली नाही. तिची जागा भरायला जो फॉर्म काढाल, तो तरी नीट लिहा.

उद्धवरावांना मी सगळं सांगितलं. ते पिठाच्या गोणीवर बसले. मग म्हणाले, “नाव आधी सांगितलं असतं तर मी ब्रशच हातात घेतला नसता, ताई.” आता आमच्या भिंतीवर आयुषचं नाव लिहिलंय, आणि खाली उद्धवरावांच्या अक्षरात: ‘पिठात न्हाई, वर न्हाई, ब्रशला न्हाई, वाटीत न्हाई.’

माझी चूक मी वर लिहिली आहे आणि दिव्याच्या दारात जाऊन तोंडानंही सांगितली. तिनं दार लावून घेतलं. तो तिचा हक्क आहे.

आता तुम्ही बोला. तुमच्या पहिल्या ओळीला पिठात अंडं नको आणि दुसरीला चमक हवी. आम्ही अंडं टाळून फिकाच बन दिला असता, तर माल परत आला असता. अंडं लावलं, तर आयुष जाता जाता राहिला. तुमची कुठली ओळ मोडायची होती आम्ही? आणि ज्या पोरानं तुमच्या ओळीवर विश्वास ठेवून फक्त बन खाल्ला, त्याचं नाव कुठल्या चुकीबद्दल कापलंत?

मेलवर नको. नाव लिहून, सही करून उत्तर द्या. दिव्याच्या दारात आणून द्या.