उरलेलं कोणाला

वकीलबाईंच्या ऑफिसातली ही चौथी खेप. पहिल्या तीन खेपांत आईचे गुडघे गेले, बाबांची फाईल फुगली आणि सोन्याची पाण्याच्या मशीनशी गट्टी जमली. सोन्या अडतीस वर्षांचा, पण समज चार-पाच वर्षांच्या पोराएवढी. पेला भरायचा, प्यायचा, पुन्हा भरायचा. "बास रे आता," आई म्हणाली आणि उठायचा कंटाळा आला म्हणून तिने तेवढ्यावरच सोडलं. घरी जाताना दोनदा थांबावं लागणार, तर थांबू.

काम एकच होतं. आपण दोघं गेल्यावर सोन्याचं काय? बाबांनी तीस वर्षं पोटाला चिमटा काढून ठेवी केल्या होत्या आणि प्रत्येकीवर वारस म्हणून मोठ्या कौतुकाने सोन्याचं नाव लावलं होतं. वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी त्यावर बोट ठेवलं. पैसे थेट सोन्याच्या नावावर आले तर ते काढायला त्याला सही करता येत नाही, मग कोर्टातून पालक नेमून आणेपर्यंत सगळं अडकणार. म्हणून ट्रस्ट. ठेवी ट्रस्टकडे, मृत्युपत्रानं घरही ट्रस्टकडे, आणि खर्च फक्त सोन्यासाठी. आई-बाबा आहेत तोवर विश्वस्त तेच. त्यांच्यामागे धाकटी लेक आणि बाबांचा पुतण्या.

लेक औषधाच्या दुकानातून धावतपळत आली आणि धपकन बसली. सोन्याला ती दादा म्हणते, पण स्वतः शाळेत होती तेव्हापासून त्याचे दात तीच घासून द्यायची.

वकीलबाई मसुदा वाचत गेल्या. शेवटून दुसरं कलम आलं. सोन्याच्या पश्चात ट्रस्टमध्ये जे उरेल, ते लेकीला.

बाबांचा चेहरा खुलला. "हे मी मुद्दाम घातलंय. आजवर हिच्या वाट्याला काही आलं नाही. सहल नाही, हौसमौज नाही. शेवटी तरी हिचं हिला मिळू दे."

"खोडा ते," लेक म्हणाली.

"अगं, तुला काय जड झालं त्यात?"

"बाबा, दादावर खर्च करायचा की नाही हे मी ठरवणार, आणि वाचलेलं पण मलाच?"

"तू काय तसली आहेस का?" आईला रागच आला.

"तसली नाही गं. पण मी थकेन ना. पंधरा वर्षांनी दवाखान्यातून विचारतील, ऑपरेशन करायचं की गोळ्यांवर भागवायचं. त्याच महिन्यात माझ्या पोरांची फी असेल. तेव्हा माझ्या मनात नुसतं काही येऊन गेलं, तरी ते मला जन्मभर छळेल."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "कायद्याला चालतं हे. पण मी मागेच विचारलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणालात, आमची लेक तशी नाही. उरलेलं एखाद्या संस्थेला द्या. फक्त तो जिथे राहील त्या संस्थेला नको. तिथेही हीच अडचण."

बाबा बराच वेळ फाईलची दोरी बांधत-सोडत बसले. लेकीला द्यायला आणखी काय होतं त्यांच्याकडे? "त्याच्या जुन्या शाळेला द्या," शेवटी ते म्हणाले. "शर्टाची बटणं लावायला त्यांनीच शिकवलं."

वकीलबाईंनी लेकीचं नाव खोडलं. "आणि दवाखान्याचं तुमच्यामागे दोन्ही विश्वस्तांनी मिळून ठरवायचं, पण तुम्ही दोघं आहात तोवर कुणीही एकट्याने, असं लिहिलंय. धावपळीत सोयीचं पडतं."

बाबांनी मान हलवली. आईने हलवली नाही. तिला गेल्या वर्षीची, दातांच्या दवाखान्यातली सोन्याची खुर्ची दिसत होती. डॉक्टर म्हणाले होते, दाढ वाचेल, पण भूल देऊन, चार खेपा लागतील. आई म्हणाली होती, काढून टाका. पैशांचा प्रश्नच नव्हता. चार खेपांचा होता. सोन्याला चार वेळा उपाशी ठेवायचं, आवळून धरायचं, समजवायचं, एवढं बळ तिच्या अंगात उरलंच नव्हतं. घरी येऊन तिने सांगितलं, दाढ पार गेलेली होती.

"तसं नको," ती म्हणाली. "हो म्हणायला एकाची सही पुरे. पण डॉक्टर करा म्हणतायत आणि आपल्याला नको म्हणायचंय, तर दोघांची लागू दे. आमच्या हयातीतसुद्धा."

"घालता येईल तसं," वकीलबाई म्हणाल्या.

"पण कशाला?" बाबा वैतागले. "तुझ्यावर कोण संशय घेतंय?"

आईने लेकीकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"त्याची ती दाढ वाचली असती," ती म्हणाली.