मात्रनंतरचं पान

मावशीने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "वाच. तुझ्या ध्रुवबाळाचं उत्तर आलंय."

ध्रुव म्हणजे खगोल संस्थेचे संचालक. वर्षानुवर्षं खुर्चीवरून हलत नाहीत म्हणून आम्ही विद्यार्थ्यांनी त्यांना हे नाव दिलं होतं. मावशी वकील आहे, आणि अशिलाच्या विरोधकाला टोपणनाव असलं की तिला काम करायला हुरूप येतो.

उत्तर छोटं होतं. बाबांनी संस्थेला दिलेला दुर्बिणीचा आरसा आता संस्थेच्या मालकीचा आहे, तो परत मागण्याचा आम्हाला हक्क नाही, पुराव्यादाखल कराराची स्कॅन केलेली प्रत सोबत जोडली आहे. मूळ कागद संस्थेने स्कॅन केल्यावर रद्दीत काढले होते.

हा आरसा बाबांनी स्वतः घासला होता. बाबा शाळेत गणित शिकवायचे. संध्याकाळी घरी येऊन एका पिंपाभोवती गोल फिरत ते काचेवर काच घासायचे, आणि आई म्हणायची की यांनी माझ्याभोवती इतक्या फेऱ्या मारल्या असत्या तर काय बिघडलं असतं. मोठ्या ताटाएवढा, दोन बोटं जाड आरसा. तो त्यांनी संस्थेला दिला, आणि संस्थेने दुर्बिणीच्या खांबावर त्यांच्या नावाचा पितळी फलक लावला.

गेल्या वर्षी संस्थेने नवी दुर्बीण विकत आणली. उद्घाटनाला बाबांना बोलावलं होतं, तिसऱ्या रांगेत. ध्रुव भाषणात म्हणाले, "आतापर्यंत आपण एका हौशी कामावर भागवत होतो." सभागृह हसलं. बाबांनीही टाळी वाजवली, कारण नवी दुर्बीण खरोखर चांगली होती. नंतर मी घुमटात गेले. खांबावर फलक नव्हता. स्क्रूची चार भोकं लांबी भरून बुजवली होती. आरसा कुठे आहे विचारलं तर शिपाई म्हणाला, "तो होय? खालच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे."

त्या चार भोकांसाठी ध्रुवांना कुठेतरी, चारचौघांत, चूक कबूल करायला लावायची, हे मी तिथेच ठरवलं.

मी स्कॅन उघडला. तीन पानं, वर १, २, ३ असे आकडे. पहिलं पान असं संपत होतं: "आरसा संस्थेच्या ताब्यात राहील आणि त्याची". दुसरं पान कुठल्यातरी वाक्याच्या शेपटाने सुरू होत होतं आणि असं संपत होतं: "देणगीदार आरशावरील मालकी हक्क संस्थेस देत आहे, मात्र". तिसऱ्या पानावर वरच्या अंगाला पुन्हा एक शेपूट, मग शेवटचं कलम आणि सह्या.

"मात्र काय?" मी विचारलं.

"तेच तर," मावशी म्हणाली. "मी तीनदा वाचलं. मला वाटलं माझा चष्मा बदलायला झालाय."

मी कलमांचे आकडे बघितले. एक, दोन, तीन, मग एकदम सहा, सात आणि दहा. चार, पाच, आठ, नऊ यांच्या सुरुवाती कुठेच नाहीत. पानांचे आकडे सलग आणि कलमांचे तुटक, याचा एकच अर्थ होता: आकडे फक्त कागदाच्या पुढच्या बाजूला टाकले होते. मजकूर दोन्ही बाजूंना होता, पण स्कॅनरला एकच बाजू वाचायला सांगितली होती.

"म्हणजे मागची बाजू..." मी ते दाखवल्यावर मावशी म्हणाली.

"कुणी पाहिलीच नाही. आणि मग कागद रद्दीत."

मी चित्र मोठं केलं. कागद पातळ होता आणि स्कॅन करड्या छटांत केलेला होता, म्हणून शब्दांच्या मधल्या पांढऱ्या जागेत फिकट सावल्या दिसत होत्या. स्कॅनरचं झाकण आतून पांढरं असलं की उजेड कागदातून आरपार जाऊन परत येतो आणि मागची शाई धूसर दिसते. झाकण काळं असतं तर यातलं काहीच उरलं नसतं. मी चित्र डावं-उजवं उलटं केलं, छटा ताणल्या. उलटी अक्षरं सुलटी झाली. पुढच्या मजकुराच्या आड बरंच झाकलं गेलं होतं, तरी तीन शब्द सुटे सापडले: "नामफलक", "काढल्यास", "परत".

मावशी खुर्चीत पुढे सरकली. "बाबांकडे त्यांची प्रत असेल?"

होती. घरी बाबांनी ती आरशाच्या चाचणीच्या नोंदींमध्ये, व्यवस्थित, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती. "तुम्ही विचारलंच नाही," ते म्हणाले. तीन कागद, पहिल्या दोन कागदांच्या दोन्ही बाजूंना मजकूर, दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यात दोघांच्या छोट्या सह्या. दुसरा कागद उलटला. सातव्या कलमाचा उरलेला भाग असा होता: "संस्थेने देणगीदाराचा नामफलक काढल्यास, किंवा आरसा सलग एक वर्ष वापराविना ठेवल्यास, मालकी देणगीदाराकडे परत जाईल." त्याखाली आठवं कलम: तसं झाल्यास संचालकांनी स्वतः हजर राहून आरसा देणगीदाराच्या हवाली करावा, वाहतूक संस्थेच्या खर्चाने.

"झालं," मावशी म्हणाली. "हा उद्या पाठवते. परवा आरसा घरी."

"नको पाठवूस."

"का गं?"

"ध्रुव म्हणेल, अरेरे, स्कॅनिंगवाल्यांची चूक. चहा पाजेल. आणि बाबा चहा पितील."

बाबा दारातून म्हणाले, "चांगला असेल तर पिईन की."

"बघितलंस?" मी मावशीला म्हटलं. "त्याला आधी विचार. मात्रनंतर काय होतं, एवढंच विचार."

मावशी थोडा वेळ पेनाचं टोपण चावत राहिली. "एक लक्षात ठेव. जे विचारू ते खरं विचारू. आपल्याकडे प्रत नाही असं एका अक्षराने सुचवायचं नाही. त्याला खरं सांगायची पूर्ण वाट मोकळी ठेवायची."

"ठेव की. तो त्या वाटेने जाणार नाही."

"कार्टी माझ्यावर गेलीय," मावशी बाबांना म्हणाली. बाबांनी तक्रार केली नाही, पण कौतुकही केलं नाही.

मावशीचं पत्र चार ओळींचं होतं. सोबतची प्रत संपूर्ण आहे का? नसल्यास राहिलेला भाग शोधून कळवावा. सातव्या कलमात "मात्र" या शब्दापुढे काय मजकूर होता? उत्तर सहीशिक्क्यानिशी द्यावं.

ते आलं तेव्हा मावशी इतकी हसली की शेजारच्या खोलीतला टंकलेखक बघायला आला. ध्रुवांनी लिहिलं होतं की सोबतची प्रत संपूर्ण व खरी आहे. आणि "मात्र"नंतरचा मजकूर केवळ आरशाच्या साफसफाईबाबत होता, तो आपल्याला नीट आठवतो.

"संपूर्ण प्रत," मावशी डोळे पुसत म्हणाली, "आणि शिवाय उरलेला मजकूर! वर सही, शिक्का, सगळं. याला मी फी द्यायला हवी."

मी हसले नाही. ते पत्र मी दोनदा वाचलं आणि मला तहान लागल्यासारखं झालं.

आम्ही संस्थेच्या विश्वस्तांकडे अर्ज केला. त्यांनी आम्हाला बैठकीला बोलावलं. लांब टेबल, पाण्याचे झाकलेले पेले, टोकाला अध्यक्षबाई. त्या डोळ्यांच्या डॉक्टर होत्या आणि प्रत्येक कागद नाकाजवळ नेऊन वाचत होत्या. ध्रुव त्यांच्या उजवीकडे. मला पाहून म्हणाले, "अरे वा, आमची विद्यार्थिनी! कशी आहेस?"

"बरी आहे, सर."

मावशीने त्यांचं पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, "साहेब, हे आजही असंच म्हणायचंय ना? बदलायचं असेल तर आत्ता बदला."

"बदलायचं काय त्यात? साफसफाईचं कलम होतं. हौशी लोक आरशाला फार जपतात."

पुन्हा तोच शब्द. बाबा माझ्या शेजारी बसले होते. ते पाण्याच्या पेल्यावरचं झाकण उगाच फिरवत होते.

मावशीने दुसरा कागद टेबलावर ठेवला, पुढची बाजू वर. सगळ्यांनी तो ओळखला. मग तिने तो उलटला आणि अध्यक्षबाईंकडे सरकवला. अध्यक्षबाईंनी तो नाकाजवळ नेला.

"इथे साफसफाई नाही," त्या म्हणाल्या. "इथे नामफलक आहे. आणि कोपऱ्यात तुमची सही आहे."

ध्रुवांचा रंग उतरला, पण ते मुरलेले होते. "हे मागाहून छापलेलं असू शकतं. सही काय, कुणीही गिरवेल. आमच्या प्रतीत असं काही नाही."

याचीच मी वाट पाहत होते. मी लॅपटॉप उघडला. "सर, ही तुमची प्रत. तुम्हीच पाठवलेली फाइल. मी तिला हात लावलेला नाही, फक्त उलटी करते." सावल्या सुलट्या झाल्या. "आणि ही आमच्या कागदाची मागची बाजू." मी एकावर एक ठेवलं. दोन्ही प्रती एकाच वेळी, एकाच यंत्रावर छापलेल्या. ओळ ओळीवर बसली, जिथे सावली तिथे अक्षर. "नामफलक"वर "नामफलक". कोपऱ्यात सहीचा फिकट डाग थोडा बाजूला पडला, कारण सही दोन कागदांवर दोनदा केली होती. "हा डाग तुमच्या कागदावरचा आहे, सर. म्हणजे तुमच्याही कागदाला मागची बाजू होती. तुम्ही सही केली होती. मग एकच बाजू स्कॅन झाली, आणि कागद रद्दीत गेला."

"ही तर स्कॅनिंगवाल्यांची..."

"चूक त्यांची," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण आठवण तुमची. पत्रात लिहिलंय, नीट आठवतं. संस्थेच्या शिक्क्याखाली." त्यांनी कागद खाली ठेवला. "आरसा परत जाईल. कोणी विरुद्ध?"

कुणीही हात वर केला नाही.

"मग संचालक स्वतः हजर राहून देतील. कलम आठ. आणि या पत्राबद्दल आम्ही विश्वस्त वेगळं बोलू, तुम्ही बाहेर बसल्यावर."

ध्रुव उठले. ध्रुवतारासुद्धा अगदी स्थिर नसतो, थोडासा फिरतो. वर्गात हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

आरसा आणायला आम्ही गेलो तेव्हा शिपायाला मी हात लावू दिला नाही. "कलम आठ," मी म्हटलं. ध्रुवांनी खोलीतल्या खुर्च्या स्वतः बाजूला केल्या. लाकडी पेटीला झाकण नव्हतं. बाबा वाकून बघत राहिले. चकाकत्या थरावर गोल गोल ओरखडे होते.

"कुणीतरी फडक्याने पुसलाय," ते म्हणाले.

"साफसफाई," मी म्हटलं.

ध्रुवांनी पेटी उचलली आणि जिना चढायला लागले. अर्ध्यात त्यांचा श्वास फुलला, पेटी एका अंगाला झुकली. मी मागे होते. मी हात पुढे केला नाही. बाबांनी केला.

"बाबा, सोडा तुम्ही."

"अगं, काच आहे ती!" बाबा माझ्यावर ओरडले. याआधी ते कधी माझ्यावर ओरडल्याचं मला आठवत नाही. मग ध्रुवांना, नेहमीच्या आवाजात, "सर, खालून धरा. कडेला नको. हां, आता पायरी."

दोघांनी मिळून पेटी गाडीत ठेवली. बाबांनी तिच्याभोवती रजई खोचली आणि शेजारी जाऊन बसले. थर नव्याने चढवता येतो; ते आतापासूनच त्याचा हिशोब मांडत होते, ओठ हलत होते.

मी गाडीच्या बॉनेटवर पावती ठेवली. आरसा मिळाला, ओरखड्यांसह, स्थळ, दिनांक. माझी सही झाली होती. ध्रुवांनी आपली केली आणि पेन मला दिलं.

मी पेन घेतलं नाही. "मागच्या बाजूला पण करा, सर."

त्यांनी कागद उलटला. "मागे तर कोरं आहे."

"मी बघितलंय," मी म्हटलं. "तुम्हीही बघितलंत, एवढंच लिहून द्या."

ते वाकले आणि त्यांनी कोपऱ्यात सही केली.