एक्कावन्न किलो हवा

द्राक्षांसाठी बांधलेल्या त्या कोल्ड स्टोरेजची खोली चारशे घनमीटरची. चाचणीसाठी ती रिकामीच थंड करायची होती. भिंतीतल्या, हवा आत-बाहेर करणाऱ्या व्हॉल्व्हमधून गारवा जातो, अशी मालकाची सकाळपासून कटकट. वैतागून मी तो फोमने बुजवला.

माझा जोडीदार फराज भडकला. त्याने भिंतीवरच पेन्सिलीने खोलीतल्या हवेचं वजन मांडलं: तीस अंशाला १.१६५ × ४०० = ४६६ किलो. शून्याला १.२९३ × ४०० = ५१७.

"दादा, गार होताना एक्कावन्न किलो हवा आत यायला हवी. वाट नसली तर आतला दाब पडेल आणि बाहेरची हवा छत खाली दाबेल."

"हवेला घाबरतोस?" मी खेकसलो. "आत थांब, तापमान लिहून घे."

तो थांबला. बारा अंशांवर छत त्याच्या अंगावर कोसळलं.

आज चौकशीला साहेब येणार आहेत. एकच भिंत उभी आहे, नेमकी फराजच्या हिशेबाची.

"तेवढं पुसून घे," मालक म्हणाला.

मी हिशेब दोनदा तपासला. एकही चूक नव्हती.

मग फडकं ओलं केलं.