महिनाअखेरचा पास

काचेच्या कारखान्यात तिला कुणी नावाने ओळखत नसे. 'भट्टीवाल्यांची सून' एवढं म्हटलं की पुरे. सासरे भट्टीवर होते, तिचं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासून. ती कार्मिक विभागात लागली तेव्हा त्यांनी तिला एकच गोष्ट बजावली होती. "कामावर मी तुझा सासरा नाही. तिथे मला काही सवलत नको आणि तुलाही माझ्यामुळे नको." दोघांनी ते इतकं काटेकोर पाळलं, की कँटीनमध्ये समोरासमोर आले तरी अनोळखी माणसांसारखी मान हलवून पुढे जायचे. संध्याकाळी घरी सासूबाई त्यावरून दोघांची खिल्ली उडवायच्या.

सासूबाईंनी कारखाना कधी आतून पाहिला नव्हता. इतकी वर्षं नवऱ्याचे कपडे वेगळे धुतले, बाहीला पडलेली जळकी भोकं रफू केली, पण ज्या आगीने ती भोकं पाडली ती कशी दिसते हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाहेरच्यांना आत सोडत नसत. फक्त निवृत्तीच्या दिवशी कामगाराला घरच्या एका माणसाला सोबत नेता यायचं, तेही त्याच्याच पासवर. सासऱ्यांनी हे बायकोला केव्हाचं कबूल करून ठेवलं होतं. "शेवटच्या दिवशी तुला भट्टी दाखवतो," ते म्हणायचे. "मग कळेल, मी घरी आल्यावर लगेच का बोलत नाही ते."

त्यांची निवृत्ती जुलैअखेर होती.

गेटवर नवं मशीन मे महिन्यात बसलं. पास टेकवला की हिरवा दिवा, आणि पासची मुदत संपली असेल तर लाल. वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांची यादी सुरक्षा विभागाला हवी होती, नावापुढे शेवटच्या दिवसाची तारीख घालून. हे काम तिच्याकडे आलं. तिच्या आधीचे कारकून अशा तारखा कॅलेंडर समोर ठेवून एकेक टाइप करत. तिला कॉम्प्युटरवरच्या शीटमधली सोपी युक्ती माहीत होती. जूनपासूनची यादी होती म्हणून पहिल्या चौकटीत तिने तीस जून लिहिलं. 'फिल'मध्ये जाऊन 'सिरीज' उघडलं. ओळीत आडवं नको, खाली हवं, म्हणून 'कॉलम्स' निवडलं, प्रकार 'डेट', एकक 'मंथ', 'स्टेप व्हॅल्यू' एक, म्हणजे दर ओळीला एक महिना पुढे. 'स्टॉप व्हॅल्यू'च्या चौकटीत पुढच्या वर्षीचा तीस जून टाकला आणि ओके दाबलं. तारखा भराभर खाली उतरल्या आणि बरोबर पुढच्या तीस जूनला थांबल्या.

तिने वरची तारीख पाहिली, खालची पाहिली. मध्ये नजर फेब्रुवारीवर गेली. तिथे अठ्ठावीस होतं. म्हणजे याला महिनाअखेर कळते, असं तिच्या मनाने घेतलं. साहेबांनीही यादी वर-खाली पाहिली आणि सही केली. निवृत्तीची पत्रं वेगळ्या टेबलावरून निघाली. त्यांत तारखा बरोबर होत्या, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

एकतीस जुलैला सासूबाई सगळ्यांच्या आधी उठल्या. ठेवणीतली साडी नेसल्या. ती चहा घ्यायला आली तर सासूबाई आरशासमोर चपला घालून उभ्या.

"आई, इतक्यात चपला?"

"सवय करतेय. तिथे फरशी फार तापलेली असते म्हणे. जाड तळाच्या हव्यात, असं हे म्हणाले."

"अगं, भट्टीवर चढवणार नाहीये तुला," सासरे बाहेरून म्हणाले. "लांबूनच दाखवेन. काळी काच लावलेलं भोक आहे, त्यातून बघायचं. डोळा मिटायचा नाही, पहिल्यांदा सगळेच मिटतात."

त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, कामावर तो कधी घालत नसत. पहिल्या पाळीला दोघं बरोबर निघाली. ती नेहमीसारखी ऑफिसच्या वेळेला निघणार होती. नवरा फिरतीवर गेलेला, म्हणून त्या दोघांना दारातून निरोप द्यायला ती एकटीच होती. सासूबाई कोपऱ्यावर वळताना मागे बघून हसल्या, जरा लाजल्यासारख्या.

नऊच्या सुमाराला ती गेटपाशी पोहोचली, तर सायकल स्टँडजवळच्या सिमेंटच्या कठड्यावर सासूबाई बसलेल्या दिसल्या. शेजारी सासरे उभे. पास अजून हातात.

"काय झालं, बाबा?"

"लाल दाखवतंय." त्यांनी खांदे उडवले. "मी पत्र दाखवलं या रखवालदाराला. पत्रात आजचीच तारीख आहे. पण तो तरी काय करणार."

गेटवरचा रखवालदार ठेकेदाराचा, महिन्याभरापूर्वी आलेला. तो अदबीने बोलत होता, पण हटत नव्हता. "ताई, मशीन म्हणतंय मुदत काल संपली. लाल असताना मी सोडलं तर माझी नोकरी जाईल. मी वर फोन केलाय. साहेब आले की बघतो म्हणाले."

काल. ती आत धावली. जागेवर बसायच्या आधी शीट उघडलं. तीस जून. तीस जुलै. तीस ऑगस्ट. खाली तीस ऑक्टोबर, तीस डिसेंबर, तीस जानेवारी, अठ्ठावीस फेब्रुवारी, तीस मार्च. शीटला महिनाअखेर बिखेर काही ठाऊक नव्हती. तिने तीस तारीख दिली, त्याने प्रत्येक महिन्याची तीस दिली. फेब्रुवारीत तीस नसते म्हणून तिथे नाइलाजाने अठ्ठावीस.

मुदत वाढवायला साहेबांची सही लागायची, मग सुरक्षा विभाग ती मशीनमध्ये भरणार. साहेब मुख्य कार्यालयात बैठकीला गेलेले, फोन बंद. तिने त्यांच्या मदतनिसाला सांगितलं, भट्टीच्या पाळीप्रमुखाला सांगितलं. पाळीप्रमुख स्वतः गेटवर जाऊन आला. त्याचंही चाललं नाही. मध्येच ती पुन्हा धावत बाहेर गेली.

"बाबा, थोडा वेळ थांबा. सहीचं काम चालू आहे. होईल."

"थांबतो की."

ऊन चढत होतं. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला होता. आत-बाहेर करणारे कामगार सासऱ्यांना हात करत, "काय हो, आज बाहेर?" असं विचारत आणि उत्तर ऐकून ओशाळत. एकाने पाण्याची बाटली आणून दिली. सासूबाईंना रडू आलेलं नव्हतं. त्या फक्त गेटच्या पलीकडे दिसणाऱ्या धुराड्याकडे बघत होत्या.

सही दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर आली. ती कागद घेऊन गेटवर पोहोचली तेव्हा कठडा रिकामा होता.

"गेले," रखवालदार म्हणाला. "बाईंना चक्कर आल्यासारखं झालं. काकांनी रिक्षा थांबवली. पास माझ्याकडे जमा करून गेले. म्हणाले, आता याचं काम नाही."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या, रोजच्या साडीत. सासरे खिडकीशी बसलेले.

"मशीनचे घोळ असतात," ते म्हणाले. जणू तिलाच समजावायचं होतं. "नवीन आहे ना."

"मशीनचा नाही, बाबा. यादी मी केली होती."

सासूबाईंच्या हातातली भाजीची काडी मोडली.

"तू?" सासूबाईंनी विचारलं.

"मी. तारखा मी भरल्या. तपासल्या नाहीत नीट."

सासरे खिडकीपासून उठले. मग म्हणाले, "कसं झालं, ते दाखव."

तिने लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर ठेवला. तीस जूनपासून तीच रांग पुन्हा भरून दाखवली. मग कोऱ्या रकान्यात एकतीस मे लिहिलं, तसंच 'मंथ', तीच स्टेप, आणि स्टॉप व्हॅल्यूही तीच. तीस जून, एकतीस जुलै, एकतीस ऑगस्ट, तीस सप्टेंबर. सगळ्या तारखा आपापल्या जागी उतरल्या.

सासरे चष्मा वर करून वाकले. "म्हणजे एकतीसपासून निघालं तर बरोबर येतं."

"हो. एकतीस नसेल त्या महिन्यात शेवटचा दिवस धरतं. मेपासून सुरू करून पहिली ओळ पुसली असती, तरी चाललं असतं."

"मेमध्ये कुणी निवृत्त होत नव्हतं ना. म्हणून तू जून घेतलास." त्यांनी मान हलवली. "साहजिक आहे."

त्यांनी रागावावं असं तिला फार वाटलं. ते रागावले नाहीत. नंतर जेवताना सासूबाईंनी विचारलं, "निदान सांगा तरी, कशी दिसते ती." सासऱ्यांनी घास तसाच धरून ठेवला. "पांढरी असते," ते म्हणाले. "पण पांढरी म्हणजे आपण म्हणतो तशी नाही." त्यांनी घास खाल्ला.

साहेबांना खरंच वाईट वाटलं होतं. आठवड्याभराने त्यांनी निरोप पाठवला, दोघांनी पाहुणे म्हणून यावं, गाडी पाठवतो. तिने तो घरी सांगितला. सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"पाहुणा म्हणून नको," सासरे म्हणाले. "मला कुणी हात धरून माझ्या भट्टीपर्यंत नेणार. टोपी घाला, रेषेच्या मागे उभे राहा, म्हणणार. नको. तुला जायचं असेल तर जा."

"तुमच्याशिवाय मी काय बघू तिथे," सासूबाई म्हणाल्या आणि विषय संपला.

ती यादी तिने दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केली होती, प्रत्येक तारीख कॅलेंडरशी ताडून, बोट ठेवून. ऑगस्टअखेर पॅकिंगचे मुकादम निवृत्त होणार होते. एकतीस ऑगस्टला ती पहिल्या पाळीच्या वेळेलाच गेटवर गेली. कुणी सांगितलं नव्हतं. मुकादम आले, बरोबर त्यांची म्हातारी बहीण. पास टेकवला. हिरवा दिवा लागला, आडवा दांडा वर गेला आणि बहीण भावाच्या दंडाला धरून आत गेली. ती दोघं शेडआड जाईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

घरी त्यावर बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण रात्रीची भांडी विसळताना सासूबाईंनीच विचारलं, "आज मुकादमांचा दिवस होता ना? गेलं का आत त्यांचं माणूस?"

"गेलं, आई. बहीण होती."

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी विसळलेलं ताट तिच्या हातात दिलं आणि ती ते पुसत राहिली.